वरची मोरी, खालचं छत

बाथरूमच्या फरशीचा किंवा सांडपाण्याच्या नळीचा उतार चुकला, तर त्रास भोगणारा एक असतो आणि तक्रारीची जागा दुसऱ्याच्या घरात असते. वरच्या मजल्यावर पाणी जरा सावकाश जातं, कोपऱ्यात थोडं साचतं, खराट्यानं लोटलं की भागतं. खालच्या घरात मात्र छताला चहाच्या डागासारखं कडं उमटतं. मग रंगाचे पोपडे सुटतात, गिलावा फुगतो, पांढरा क्षार बाहेर येतो. असंच वर्षानुवर्षं चालू राहिलं तर स्लॅबमधली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचं आवरण निखळू लागतं. खालच्याला दोष दिसत नाही आणि वरच्याला नुकसान दिसत नाही. म्हणून बिल्डरला लिहायचं तक्रारपत्र हे वरच्या सदनिकाधारकाचं कर्तव्य ठरतं. फोडायची फरशी त्याच्याच घरात आहे, आणि ताब्याची तारीखही त्याच्याच कागदांवर आहे.

समजा, पुण्याच्या एका उपनगरातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेचा ताबा मिळून अडीच वर्षं झाली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी एके सकाळी वर येऊन सांगतात, “ताई, आमच्या मोरीच्या छतातून थेंब पडतोय, बादली ठेवलीय खाली.” बिल्डरच्या माणसाचं ठरलेलं उत्तर असतं की फरशीचे सांधे गेलेत, भरून देतो. या उत्तरापाशी थांबायचं की नाही, हे मापं घेतल्यावरच ठरतं.

आधी फरशीचा उतार. बाथरूमची फरशी नहाणी ट्रॅपकडे साधारण 80 ला 1 या प्रमाणात उतरती हवी. दारापासून ट्रॅपपर्यंत 2 मीटर अंतर असेल, तर दाराजवळची फरशी जाळीपेक्षा 25 मिलिमीटर उंच असायला हवी. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी लेव्हल काढतो, तिनेच हे मोजता येतं. या घरात फरक निघतो 5 मिलिमीटर, आणि कमोडच्या बाजूचा तुकडा तर जाळीपेक्षा 3 मिलिमीटर खाली. तिथे आंघोळीनंतर तासभर पाणी उभं राहतं. फरशीचे सांधे कितीही नीट भरले तरी ते पाणी पूर्णपणे रोखत नाहीत. रोखण्याचं काम खालच्या वॉटरप्रूफिंगचं असतं, आणि साचलेलं पाणी त्यातली प्रत्येक कच्ची जागा शोधत राहतं.

दुसरं माप नळीचं. ती खोलगट, म्हणजे संकन स्लॅबमधल्या कोब्यात गाडलेली असल्यानं दिसत नाही, पण फोडण्याआधीही तिच्याबद्दल बरंच कळू शकतं. ट्रॅपची जाळी काढली की आत जे पाणी उभं दिसतं, त्याची पातळी जवळपास नळीच्या सुरुवातीच्या तळाइतकी असते. दुसरं टोक बाहेर डक्टमध्ये उभ्या पाइपाला मिळताना दिसतं. लेव्हल नळी खिडकीतून डक्टमध्ये नेली की दोन्हींची तुलना होते. आडव्या नळीला साधारण 40 ला 1 उतार धरतात. इथे 1.6 मीटर लांबीत 40 मिलिमीटर उतार हवा होता, तो 10 च्या आसपास भरतो. अशा नळीत साबणाचा साका आणि केस बसतात, पाणी मागे तुंबतं आणि ट्रॅपजवळचा सांधा कायम ओला राहतो.

गळती फरशीतून आहे की नळीतून, हे ओळखायला दोन दिवस काढावे लागतात. पहिल्या दिवशी जमीन कोरडी ठेवून फक्त ट्रॅपमध्ये पाइपानं पाणी सोडायचं. खालचे थेंब वाढले तर संशय नळीवर. नंतर ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर बोटभर पाणी 24 तास उभं ठेवायचं. तेव्हा वाढले तर दोष वॉटरप्रूफिंगचा. बाथरूम वापरात नसतानाही थेंबांचा वेग बदलत नसेल, तर नळाची दाबाची पाइपलाइनही तपासावी. पण इथे घाई नको. कोबा स्पंजासारखा पाणी धरतो आणि संकनमध्ये ते टाकीसारखं साचून राहतं, त्यामुळे मोरी बंद ठेवल्यावरही खाली चार-आठ दिवस थेंब पडू शकतात. “बंद ठेवूनही गळतंय, म्हणजे मोरीचा दोष नाही,” हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

आता पत्र. त्यात रागापेक्षा ताब्याची तारीख, ओल पहिल्यांदा दिसली ती तारीख, दोन्ही मापं, चाचण्यांचे दिवस आणि दोन्ही घरांतले फोटो असावेत. ‘निकृष्ट बांधकाम’ असं लिहिलं की वाद सुरू होतो. ‘जाळीपेक्षा 3 मिलिमीटर खोल भाग’ असं लिहिलं की बिल्डरच्या इंजिनिअरला येऊन मोजावं लागतं. सर्वांत अवघड वाक्य मात्र स्वतःविषयीचं असतं. आंघोळीच्या जागेला काचेचा आडोसा लावताना फरशीला भोकं पाडली असतील, किंवा कमोड सरकवला असेल, तर तेही पत्रात यायला हवं. भोकांनी वॉटरप्रूफिंग फाटू शकतं, पण नळीचा उतार त्यांनी बदलत नाही. ही दोन कारणं प्रामाणिकपणे वेगळी मांडली, तर बिल्डरवर त्याच्या वाट्याचीच जबाबदारी येते आणि खालच्या घरासमोरही खोटं उभं राहत नाही.

स्थावर संपदा कायदा, 2016 मधल्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांच्या आत कामातला असा दोष नजरेस आणून दिला, तर विकासकानं तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर नुकसानभरपाई मागता येते. करारात एकाच वर्षाची हमी छापलेली असली तरी ही मुदत आखूड होत नाही. म्हणून पत्र पोचल्याचा पुरावा हवा: पोचपावतीसह टपाल आणि जोडीला ईमेल. तोंडी आश्वासनांवर वर्ष-दीड वर्ष घालवणं हा खालच्या घरावरचाही अन्याय आहे, कारण ती मुदत त्यांच्या छताचीही असते.

मागणी नेमकी असावी. फरशी आणि कोबा काढणं, नळी योग्य उतारानं पुन्हा टाकणं, नवं वॉटरप्रूफिंग, आणि नवी फरशी बसवण्याआधी 48 तास पाणी भरून दोन्ही घरांच्या समोर चाचणी. यात दोन-तीन आठवडे बाथरूम बंद राहतं, आणि अनेक जण इथेच सांधे भरून घेण्यावर समाधान मानतात. खालून छतात रसायन टोचण्याचा उपायही सुचवला जातो. त्यानं थेंब काही काळ थांबतात, पण उतार तोच राहतो आणि पाणी स्लॅबवर साचतच राहतं.

खालच्या छताची दुरुस्ती त्याच पत्रात, त्याच मागणीत लिहावी आणि आजींची सही घ्यावी. नाहीतर बिल्डर वरचं काम करून निघून जातो आणि गिलाव्याचा खर्च खालच्यांवर पडतो. क्रम मात्र वरून खाली असा हवा. छत पूर्ण वाळल्यावरच गिलावा आणि रंग करावा. त्याआधी मारलेला रंग फक्त डाग झाकतो.

5 वर्षं उलटून गेली असतील, तर या कलमाचा आधार उरत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या आतल्या मोरी-संडासातून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदानंच करायचा असतो. तेव्हा चूक बिल्डरची असली तरी वरच्याला स्वतःच्या खर्चानं फरशी फोडावी लागते, आणि पत्र बिल्डरऐवजी खालच्या आजींना लिहावं लागतं: काम कोणत्या तारखेला सुरू होणार, किती दिवस चालणार आणि छत कोण करून देणार.