उमेद, भरारी आणि चालना

‘महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान’ हे नाव कचेरीच्या फलकावर भारदस्त दिसते खरे. परंतु २०११ साली सुरू झालेल्या या अभियानाला ‘उमेद’ असे जे तीन अक्षरी नाव मिळाले, त्याने आपल्या थोरल्या भावाला दप्तरात बसवून व्यवहाराचा सारा कारभार स्वतःकडे घेतला. फारसीतून आलेला हा शब्द ‘उमेदवार’ आणि ‘नाउमेद’ यांच्या संगतीने मराठीत इतका मुरलेला आहे की बचत गटातील स्त्रीला तो समजावून सांगावा लागत नाही, आणि ‘आमचा उमेदचा गट’ म्हणताना तिच्या जिभेला कोठे अडखळावेही लागत नाही. ज्या नावाला मराठी विभक्तीचे प्रत्यय सहज लागतात, तेच नाव लोकांचे होते.

आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील नवउद्योजकांसाठी ‘ॲक्सिलरेटर’ काढावयाचा, तर त्याचे नाव काय असावे? प्रथम त्या संस्थेचे कार्य ध्यानी घेतले पाहिजे. येथे धंद्याचा जन्म होत नसतो. जन्मलेल्या, थोडाबहुत माल विकूही लागलेल्या धंद्यांची एक तुकडी निवडून, तिला ठराविक महिन्यांत सल्ला, अल्प भांडवल आणि मोठ्या गिऱ्हाइकांची ओळख द्यावयाची, व अखेरीस गुंतवणूकदारांपुढे उभे करावयाचे, एवढाच त्याचा मर्यादित हेतू असतो. सबब ‘अंकुर’, ‘बीज’ ही गोड नावे प्रारंभीच बाद होतात. ती इनक्युबेटरला, म्हणजे धंदा रुजविणाऱ्या संस्थेला शोभतील. अमेरिकेत २००५ साली निघालेल्या ‘वाय कॉम्बिनेटर’ने गणितातील एक दुर्बोध संज्ञा नाव म्हणून घेतली आणि ती चालली, कारण तिच्या दारी येणारे संगणकाचेच जाणकार होते. आपल्या दारी येणार मोहाचे लाडू करणारा गट, बांबूचा कारागीर, आरमोरीकडचा टसर कोशांचा उत्पादक. ग्रामीण उद्योजकतेसाठीच केंद्राने २०१५ साली काढलेल्या ‘अस्पायर’ योजनेच्या नावात आकांक्षा शब्दशः भरलेली आहे, परंतु ती इंग्रजी जाणणाऱ्यालाच दिसते.

आकांक्षा मराठीत आणू गेल्यास पहिला शब्द सुचतो तो ‘भरारी’. शहरातील सभागृहात त्यावर टाळ्या पडतील. पण चोरट्या सागवानाची अगर अवैध दारूची वाहतूक पकडून माल जप्त करणाऱ्या पथकालाही सरकारी भाषेत ‘भरारी पथक’च म्हणतात. रानातून पोती भरून आणणाऱ्या माणसाच्या गावी ‘उद्या भरारीचे लोक येणार’ असा निरोप गेला, तर दुसऱ्या दिवशी किती घरांना कुलूप दिसेल, याचा विचार मसुदा करणाऱ्याने करावा. ‘मोह’ हे नाव या मातीचे, त्यातून दोनच अक्षरांचे. तथापि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि मोह म्हटल्यावर फुलाआधी दारू आठवणारे पुष्कळ आहेत. कर्ज देणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्यापुढे त्या नावाचा कागद सरकविणे धाडसाचे होईल.

उच्चाराची कसोटी तर बहुधा घेतलीच जात नाही. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना स्थान नाही. ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ होतो. ‘प्रेरणा’, ‘उजळणी’ अशी नावे त्यामुळे फलकावर एक आणि तोंडात दुसरी राहतील, आणि दूरध्वनीवर ऐकून अर्ज भरणारा ती तिसरीच लिहील. उत्तरेस छत्तीसगढी, दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगू, आणि रानभर गोंडी व माडिया. या साऱ्या कानांना एकच नाव एकसारखे ऐकू आले पाहिजे. परीक्षा अवघड नाही: आठवडी बाजारात नाव एकदाच उच्चारावे, अर्थ सांगू नये, आणि ‘हे कशाचे असेल?’ एवढेच विचारावे. ‘दवाखान्याचे’ किंवा ‘शाळेचे’ असे उत्तर पुन्हा पुन्हा आले, तर ते नाव कितीही सुंदर असो, सोडून द्यावे.

माझे मत ‘चालना’ या शब्दाकडे झुकते. त्यात अडचणीचे अक्षर नाही. ‘चालना मिळाली’ हे शाळेच्या पुस्तकापासून पंचायतीच्या ठरावापर्यंत सर्वांच्या वापरातले आहे. आणि जे अगोदरच चालू आहे त्याला पुढे ढकलणे, हे ॲक्सिलरेटरचे नेमके काम तो सांगतो. त्यात ‘भरारी’ची उंची नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, परंतु अर्जदाराला आकाश दाखविण्यापेक्षा पुढचे गिऱ्हाईक दाखविणे अधिक प्रामाणिक आहे.

एक अडचण मात्र उरतेच. जे नाव सांगितल्याबरोबर समजते, ते बहुधा वर्णनात्मक असते, आणि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे नववे कलम अशा निव्वळ वर्णनपर शब्दाची नोंदणी सहसा नाकारते. म्हणून उपक्रम जाहीर करण्यापूर्वी नोंदवहीत तत्सम नावांचा शोध घ्यावा, आणि एकटा शब्द न नोंदविता विशिष्ट बोधचिन्हासह नोंदणीचा अर्ज करावा.