पुलावरचं नाणं

मित्राच्या आईवडिलांच्या स्मृतिदिनाला निरोप पाठवायचा, तर आधी त्याच्या घरी तारीख पाळतात की तिथी, ते माहीत करून घ्यावं. आपल्या मोबाइलमध्ये तारीख असते. नेवाशाकडच्या कित्येक घरांत पान वाढतात ते तिथीला. ही तिथी पुढच्या वर्षी साधारण ११ दिवस आधी येते आणि मध्ये अधिक महिना पडला की पुन्हा पुढे जाते. त्यामुळे तारीख आणि तिथी बहुधा जुळत नाहीत. विचारायचंच झालं तर त्याच्या भावाला विचारावं, त्याला नको.

सकाळी घरात गडबड असते. नैवेद्य, कावळ्याचा घास, पाहुण्यांच्या पंगती. निरोप संध्याकाळी जावा.

आणि लिहायचं काय? मित्राच्या वडिलांच्या दिवशी असं काही: "आज अण्णांची आठवण आली. एसटी प्रवरासंगमच्या पुलावर आली की ते गोदावरीत नाणं टाकायचे, एक माझ्याही हातावर ठेवायचे. एकदा माझं कठड्याला आपटून परत रस्त्यावर पडलं, तर म्हणाले, गंगामाईला उधारी चालते रे! उत्तराची घाई नाही."

एवढंच. यात दवाखाना नाही, शेवटचे दिवस नाहीत, 'आता सावर' नाही. त्या गोष्टी त्याला पाठ आहेत. पुलावरचे अण्णा मात्र कदाचित त्यानंही पाहिले नसतील. जोडलेल्या हातांचं आणि दिव्याचं तयार चित्र पाठवण्यापेक्षा या चार ओळी बऱ्या, असं मला वाटतं. त्यानं उत्तर दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी "वाचलंस का?" म्हणून विचारू नये.