मिनाराच्या टोकावरचा कोन

संभाजीनगरहून देवगिरीच्या किल्ल्यात शिरलं की थोड्याच वेळात चांद मिनार समोर उभा राहतो. पंधराव्या शतकातला, बहामनी काळातला, सुमारे 63 मीटर उंच. त्याच्याकडे पाहताना मला नेहमी नववीच्या भूमितीतलं एक प्रमेय आठवतं: त्रिकोणाच्या बाह्यकोनाचं माप त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या मापांच्या बेरजेइतकं असतं.

शाळेत ‘दूरस्थ’ या शब्दाचा अर्थ एवढाच कळतो, की बाह्यकोनाला लागून नसलेला. मिनारासमोर मात्र तो शब्द खरा होतो. त्रिकोणाचा एक कोपरा टोकावर आहे आणि तिथे जाऊन कोनमापक लावणं आपल्या हातात नाही.

एक कोनमापक घ्या, त्याच्या मध्यबिंदूतून दोरा ओवा आणि दोऱ्याला छोटं वजन बांधा. सरळ कड वर धरून तिच्या रेषेत मिनाराचं टोक पाहा. दोरा 90 च्या खुणेपासून जितका सरकेल तितका टोकाचा उन्नत कोन. समजा, ‘अ’ या जागी तो 30 अंश आला. आता मिनाराच्या दिशेने सरळ चालत राहा आणि कोन दुप्पट, म्हणजे 60 अंश होईल तिथे थांबा. ही जागा ‘ब’. टोकाला ‘क’ म्हणू आणि अब ही रेषा मिनाराकडे पुढे ‘ड’ पर्यंत वाढवू. मग कबड हा 60 अंशांचा कोन त्रिकोण अबकचा बाह्यकोन झाला.

आता सिद्धता. आंतरकोनांची बेरीज 180 अंश आणि रेषीय जोडी, या वाटेनेही ती होते, पण ती हिशेबाची वाट आहे. मला दुसरी आवडते, कारण तिच्यात कोन हलताना दिसतात. ‘ब’मधून अकला समांतर रेषा बफ काढा. ती बाह्यकोनाचे दोन तुकडे करते. कबफ हा तुकडा टोकाच्या कोनाइतका, कारण ते व्युत्क्रम कोन आहेत. फबड हा तुकडा ‘अ’च्या कोनाइतका, कारण ते संगत कोन आहेत. म्हणजे मिनाराच्या टोकावरचा कोन जसाच्या तसा खाली उतरून आपल्या पायाशी येऊन बसला.

म्हणूनच प्रत्यक्ष कामात हे प्रमेय बेरजेपेक्षा वजाबाकीत जास्त उपयोगी पडतं. 60 वजा 30, टोकावरचा कोन 30 अंश. तो ‘अ’च्या कोनाइतकाच आहे, म्हणून त्रिकोण समद्विभुज, म्हणून बक ही तिरकी लांबी आपण चाललेल्या अंतराइतकी. पायथ्याच्या मधोमध टेप लावता येत नाही, पण त्याची गरजच उरत नाही. चाललेलं अंतर 71 मीटर भरलं, तर त्याला 60 अंशांच्या साइनने, म्हणजे 0.866 ने गुणून साडेएकसष्ट मीटर येतात. त्यात डोळ्याची दीड मीटर उंची मिळवली की 63.

चूक कुठे होते तेही या वजाबाकीतच दिसतं. 60 ऐवजी 61 वाचलं, तर टोकाचा कोन 31 धरला जाईल आणि उंची साधारण सव्वा मीटरने कमी येईल. हे चालण्यासारखं आहे. पण कंटाळून 71 ऐवजी पाचच मीटर चाललात, तर दोन कोनांतला खरा फरक जेमतेम 1.2 अंश असतो. तिथे दुसरा कोन एक अंशाने जास्त वाचला, की फरक 2.2 होतो आणि 63 मीटरचा मिनार 36 मीटरचा ठरतो! दोन्ही वाचनं डोळ्याला रास्तच वाटतात. चूक ओळखायची असेल तर वजाबाकीचं उत्तर पाहा. ते आपल्या वाचनातल्या संभाव्य चुकीएवढंच लहान असेल, तर आलेली उंची सोडून द्यावी आणि आणखी चालावं.

जमिनीचा चढ हा आणखी एक सापळा. ओळंबा कोन मोजतो तो क्षितिजसमांतर रेषेपासून, पण त्रिकोणाची बाजू अब तर चढाच्या रेषेत असते. दोन्ही कोन सारखेच चुकतात, त्यामुळे वजाबाकी बरोबर राहते आणि टोकाचा कोन खराच मिळतो. मात्र ‘अ’चा कोन 30 राहत नाही, त्रिकोण समद्विभुज राहत नाही आणि 0.866 चा गुणाकार फसतो. म्हणून सपाट पट्टा शोधावा.

या सगळ्याचा आधार ती एक समांतर रेषा आहे, आणि ती सपाट पृष्ठावरच मिळते. देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले त्रिकोण मात्र इतके मोठे असतात, की जमिनीचा गोलावा हिशेबात धरावा लागतो. प्रत्येक बाजू 50 किलोमीटर असलेल्या त्रिकोणात कोनांची बेरीज 180 अंशांहून सुमारे साडेपाच सेकंदांनी जास्त भरते. तिथे बाह्यकोन दोन दूरस्थ कोनांच्या बेरजेपेक्षा तेवढाच लहान येतो. एक सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग. आपल्या दोऱ्याच्या कोनमापकाला तो कधीच दिसणार नाही.