व्हिनेगरआधी चाळणी

पोच्ड एग करायचं म्हटलं की हात आधी व्हिनेगरच्या बाटलीकडे जातो. माझ्या मते तिची पाळी सगळ्यात शेवटी यावी. पाण्यात पांढऱ्या चिंध्या सुटतात त्या बहुतेक अंड्याच्या वयामुळे. ताज्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट असतो, बलकाला धरून राहतो. दिवस जातात तसा कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि घट्ट पांढरा सैल पडून पाण्यासारखा होतो. दुकानातून सुटी आणलेली अंडी किती दिवसांची आहेत हे कोण सांगणार? त्यात उन्हाळा असेल तर विचारूच नका.

म्हणून अंडं आधी बारीक जाळीच्या चाळणीत फोडावं आणि अर्धा मिनिट थांबावं. पातळ भाग गळून जातो, उरलेलं अलगद वाटीत घ्यावं. चमचाभर गळलं तर ठीक. निम्मा पांढरा खाली गेला, तर त्या अंड्याचं मुकाट्यानं ऑम्लेट करावं.

पाणी उकळतं नको, 80 ते 85 अंश पुरे. तळाशी बारीक बुडबुडे धरलेत, अधूनमधून एखादा वर येतोय, वरून वाफ निघतेय, एवढ्यावरून ते ओळखता येतं. खळखळत्या पाण्यात अंडं आपटून फाटतं. पांढरा साधारण 62 अंशांपासून धरू लागतो, पण नीट घट्ट व्हायला त्याला 80च्या आसपास जावं लागतं. बलक मात्र 65ला दाटतो आणि 70ला जमतो. म्हणजे बाहेरचा पांढरा शिजेपर्यंत आतला बलक 65च्या खाली ठेवायचा, सगळा खेळ तेवढाच.

व्हिनेगर टाकायचंच असेल, तर लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा. आंबटपणामुळे प्रथिनं एकमेकांना लवकर चिकटतात आणि पांढरा पसरायच्या आत धरतो. जास्त ओतलं की अंड्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो, वासही राहतो. चाळलेल्या ताज्या अंड्याला ते लागतच नाही.

वाटी पाण्याला टेकवून अंडं सोडावं. मध्यम अंड्याचा बलक तीन मिनिटांत वाहता राहतो, चारला कडेनं दाटतो, पाच-सहाला जमतो. फ्रिजमधलं गार अंडं अर्धा मिनिट जास्त घेतं. झाऱ्यावर उचलून बोटानं हलकेच दाबावं: पांढरा घट्ट आणि मधला भाग लिबलिबीत लागला, की वाहता बलक मिळणार. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस खाणार असेल, तर बलक पुरता जमू द्यावा.

पाहुणे असतील तर अंडी जरा आधीच करून थेट बर्फाच्या पाण्यात सोडावीत, नाहीतर आतल्या उष्णतेनं बलक शिजतच राहतो. वाढायच्या वेळी हाताला चटका बसेल इतपत गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात मिनिटभर ठेवावीत आणि निथळून पावावर घ्यावीत.