पळून मिळवलेले तास

२०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांपैकी तीस हजारांहून अधिक माणसांना धडक देणारा चालक थांबलाच नाही, निघून गेला. म्हणजे नुसत्या पळून गेलेल्या गाड्यांनी घेतलेले बळी खुनांच्या नोंदींपेक्षा जास्त भरतात. आकडे असे शेजारी ठेवले की ‘हाही खूनच, लावा ३०२’ हे वाक्य आपसूक तोंडात येते. मला ते वाक्य पटत नाही. पण ते का पटत नाही, हे सांगताना कायद्यातली एक भलतीच सोय उघडी पडते, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे.

माणूस मेला या एका घटनेकडे कायदा मारणाऱ्याच्या मनातून पाहतो. जीव घेण्याचा इरादा असेल, किंवा केलेले कृत्य इतके भयंकर असेल की त्यातून मृत्यू जवळजवळ अटळ आहे हे करणाऱ्याला माहीत होते, तर तो खून. इरादा नाही, पण यात कुणाचा तरी जीव जाण्याची शक्यता आहे हे ठाऊक असूनही केले, तर तो सदोष मनुष्यवध, जुने कलम ३०४ भाग दोन आणि आता भारतीय न्याय संहितेचे १०५. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद, खटला सत्र न्यायालयात आणि जामीन सहज नाही. आणि ठाऊकच नव्हते, पण असायला हवे होते, म्हणजे निव्वळ बेदरकारपणा किंवा हयगय, तर जुने ३०४-अ. हे कलम १८६० च्या मूळ दंडसंहितेत नव्हतेच, ते १८७० मध्ये घातले गेले. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे, तीही ‘किंवा दंड’ या पर्यायासह. नव्या संहितेच्या कलम १०६(१) ने ती पाच वर्षांवर नेली, पण गुन्हा जामीनपात्रच राहिला.

रस्त्यावरचे बहुतेक मृत्यू या शेवटच्या पायरीवरचे असतात, आणि ते तिथेच राहावेत असे मला वाटते. रात्रभर गाडी हाकून पहाटे डुलकी लागलेला टेम्पोचालक खुनी नव्हे. वाद आहे तो मधल्या पायरीचा. दारू पिऊन, वस्तीच्या रस्त्यावर, भरधाव गाडी हाकणाऱ्याला काय ठाऊक होते?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मुंबईतल्या एका खटल्याने दिले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे चारच्या सुमारास वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक टोयोटा कोरोला पदपथावर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक जागेवरच सापडला. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघाले. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

पुढे एकाच पुराव्यावर काय काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये हयगयीचे कलम लावले आणि सहा महिने साधी कैद व पाच लाख दंड केला. सात मृत्यूंना सहा महिने म्हटल्यावर शहर खवळले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण स्वतःहून हाती घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने सदोष मनुष्यवधाखाली दोषी धरून तीन वर्षे सक्तमजुरी दिली. बचाव पक्षाने सर्वोच्च न्यायालयात मुद्दा मांडला की एकाच कृत्याला ‘ठाऊक होते’ आणि ‘हयगय झाली’ असे दोन्ही आरोप कसे लागतील, एक खरा असेल तर दुसरा खोटा ठरतो. जानेवारी २०१२ मध्ये अॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायालयाने तो नाकारला. कृत्य बेदरकार असूनही ते परिणामांची जाणीव ठेवून केलेले असू शकते, असे त्याने सांगितले. चालक त्याच भागात राहणारा होता, रस्ता त्याच्या पायाखालचा होता. वर दारू, वेग, आणि पदपथावर चढलेली गाडी. एवढ्यावरून ‘त्याला ठाऊक होते’ हे ठरते. तीन वर्षे फारच कमी आहेत, हेही न्यायालयाने नोंदवले, पण शिक्षा वाढवा म्हणून सरकार अपिलात आलेच नव्हते, त्यामुळे हात बांधलेले राहिले. (सरकार का आले नाही, हा प्रश्न आपल्याकडे कुणी फारसा विचारला नाही.)

म्हणजे कायद्याचे म्हणणे मला नीट पटते: जाणीव मनात असते, पण ती बाहेरच्या खुणांवरून वाचायची. ब्रेकच्या खुणा आहेत की नाहीत, वेग किती, बारचे बिल किती वाजताचे, सीसीटीव्हीत कोण स्टिअरिंगवर बसताना दिसते. आणि या सगळ्यात वजनदार खूण म्हणजे रक्त. बाकीच्या खुणांवर वकील वाद घालू शकतो. ११२ या आकड्यावर घालणे अवघड असते.

आता याच प्रकरणात एक गोष्ट बदलून पाहा. तोच चालक, तीच गाडी, तेच मृत्यू, फक्त तो पळाला. शरीर रक्तातले अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने उतरवते. ११२ वरून ३० वर यायला ८२ मिलिग्रॅम उतरावे लागतात, म्हणजे साडेपाच तास. पहाटे चारला धडक देऊन तो मित्राच्या फ्लॅटवर गेला, झोपला, वकिलाशी बोलला आणि दहा वाजता ठाण्यात हजर झाला, तर प्रयोगशाळेचा अहवाल त्याला जवळपास शुद्धीत असलेला माणूस ठरवील. मागे मोजून आकडा काढता येतो, पण प्रत्येक शरीराची गती वेगळी, शेवटचा पेला कधी घेतला हे अनिश्चित. उलटतपासणीत असा हिशेब टिकवणे कठीण. दारूचा आधार गेला की उरतो वेग, आणि नुसत्या वेगावर सदोष मनुष्यवध क्वचितच टिकतो. दहा वर्षांचा गुन्हा पाच वर्षांचा होतो, सत्र न्यायालयातून दंडाधिकाऱ्याकडे येतो, आणि जामीन ठाण्यातच मिळतो.

ही ती सोय. जो थांबतो, जखमीला उचलायला मदत करतो, तो आपल्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा स्वतःच्या नसांतून पोलिसांच्या हाती देतो. जो पळतो, त्याचा पुरावा त्याचे यकृत नष्ट करते, आणि ते करायला कुणाला लाच द्यावी लागत नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शेखाली दोन तरुण अभियंते मेले. त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा पोलिसांचा आरोप आहे, आणि आपण सगळे त्याने हादरलो. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचा आहे. पण नमुना बदलण्याइतके धाडस करावे लागते ते पकडल्या गेलेल्यांना. पळालेल्याला ते लागतच नाही.

गाडीचा नंबर कुणी पाहिलाच नसेल तर गोष्ट आणखी लवकर संपते. आपल्या पोलिसी भाषेत गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही, अशा फायलीला ‘अ समरी’ म्हणतात. मृताच्या घरच्यांना प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करून दोन लाख मिळू शकतात. २०२२ च्या एप्रिलपर्यंत ती रक्कम पंचवीस हजार होती. गाडी सापडली असती तर अपघात दावा न्यायाधिकरणाने मृताचे वय आणि कमाई पाहून याच्या कित्येक पट भरपाई ठरवली असती.

संसदेला हे दिसले नाही असे नाही. नव्या संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, धडकेनंतर लवकरात लवकर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकर थांबले आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने दोन दिवसांत माघार घेतली, आणि १ जुलैपासून संहिता लागू झाली तेव्हा हे एक उपकलम बाजूला ठेवण्यात आले. पांढरपेशा वर्गाने तेव्हा ट्रकवाल्यांना नावे ठेवली. मला त्यांची बाजू ऐकण्यासारखी वाटली. गावाजवळ दुचाकीला धडक बसली की चूक कुणाची हे न विचारता मोठ्या गाडीच्या चालकाला बडवतात, गाडी पेटवतात. थांबणे म्हणजे जिवावरचा खेळ असतो. कलमात जमावापासून पळून पुढच्या ठाण्यात कळवायची मुभा होती, हे खरे. पण ‘लवकरात लवकर’ म्हणजे किती, हे लिहिलेले नव्हते, आणि ते ठरवणार होता हवालदार. उलट त्याच सैल शब्दांतून दारू उतरवून दहा वाजता येणारा कारवाला सुटला असता. म्हणजे कलम चुकीच्या माणसाला घाबरवत होते.

परदेशात एका ठिकाणी न्यायालये याहून पुढे गेली. बर्लिनमध्ये फेब्रुवारी २०१६ च्या एका रात्री दोघांनी शहराच्या मध्यातून शर्यत लावली, सिग्नल तोडले आणि जीपमधला एक वृद्ध मेला. खालच्या कोर्टाने दोघांनाही खुनी ठरवले. वरच्या कोर्टाने २०१८ मध्ये निकाल रद्द केला. चालक स्वतःही मरू शकत होता, तर मृत्यू त्याला मान्य होता असे कसे म्हणावे, हा एक प्रश्न त्यात होता. फेरसुनावणीनंतर २०२० मध्ये धडक देणाऱ्याची खुनाची शिक्षा कायम झाली. इतकी कसरत करून दिलेला हा निवाडा मला आपल्याकडे आणावासा वाटत नाही. आपली अडचण शिक्षेच्या उंचीची नाही, पुरावा हाती राहण्याची आहे.

आणि त्यासाठी लागणारी कल्पना आपल्याच कायद्यात पडून आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम २०५ सांगते, की पोलिसाने मागूनही वाजवी कारणाशिवाय श्वास किंवा रक्ताची चाचणी नाकारली, तर तो नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येईल. पण हे फक्त दारू पिऊन गाडी चालवण्याच्या खटल्यापुरते, आणि तेही पोलीस समोर उभा असेल तरच. पोलीस येण्याआधीच पळणे हाही चाचणीला दिलेला नकारच आहे, आणि सदोष मनुष्यवधाच्या खटल्यातही तो तसाच वाचता यावा, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. मुदतही आकड्यात लिहावी: दोन तासांत कुठल्याही ठाण्यात, दवाखान्यात किंवा टोलनाक्यावरच्या पोलिसाकडे हजर होऊन रक्त दिले, तर पळण्याचा एक शब्दही विरुद्ध जाणार नाही. जमावाला घाबरलेल्या ट्रकचालकाला यात धोका नाही, कारण शुद्धीत असेल तर रक्त त्याच्या बाजूनेच बोलेल.

आक्षेप येईल की आरोपीला स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला लावता येत नाही. पण शरीराचा नमुना म्हणजे साक्ष नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या काथी कालू ओघड निकालातूनच निघते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: केवळ न सापडण्यावरून कुणी प्यायलेला होता असे धरून चालणार नाही. तसे धरायचेही नाही. बारचे बिल, सोबत्याचा जबाब, ब्रेकच्या खुणा हे असेल तरच पळण्याचे वजन त्यात मिळवायचे, आणि तो किती वाजता हजर झाला हे स्टेशन डायरीत लिहिलेले असतेच.