चिऊला काय सांगायचं?

चि. सोनूस,


काल फोनवर "आत्या, चिऊ झोपतच नाही गं, तिला काय सांगू?" असं विचारलंस आणि दारात कोणीतरी आलं म्हणून फोन ठेवलास. फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतंच. दादाचं नाव निघालं की आपण दोघीही रडायला लागतो आणि बोलणं तिथेच राहतं. म्हणून लिहिते आहे. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आता घर रिकामं वाटत असेल. चिऊचे प्रश्न खरे सुरू होतात ते आताच.

ती का झोपत नाही, हे मला दादा गेला त्याच दिवशी कळलं होतं. सकाळी ती उठली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. शेजारच्या काकूंनी तिला कडेवर घेऊन सांगितलं, "आबा झोपलेत बाळा, आवाज करायचा नाही." काकूंना दोष देत नाही, अशा वेळी तोंडातून हेच येतं. पण चिऊच्या बाजूने बघ. आबा झोपले, मग त्यांना बांधलं, मग उचलून नेलं आणि ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा डोळा लागला, तेव्हा ती तुझ्या उशाशी बसून बोटाने तुझी पापणी वर करून बघत होती. तू चिडलीस. तिला फक्त बघायचं होतं, आई आहे ना.

तेव्हा आधी ही गाठ सोडव. दिवसा, तिला मांडीवर घेऊन, घाई नसताना, साधारण असं सांग: "चिऊ, आबा झोपले नव्हते. आबा वारले. वारले म्हणजे मेले. त्यांचं हृदय खूप खूप आजारी होतं, डॉक्टरांनाही ते बरं करता आलं नाही, आणि ते बंद पडलं. हृदय बंद पडलं की श्वास थांबतो. आबांना आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही. ते परत येणार नाहीत." मग तिचा हात तुझ्या छातीवर ठेव, नंतर तिच्या स्वतःच्या. "आपण झोपतो तेव्हाही हे चालूच असतं." रात्री अंथरुणात पुन्हा हेच कर. मी नुसतं "आजारी होते" न लिहिता "खूप खूप आजारी" लिहिलं, ते मुद्दाम. नाहीतर उद्या तिला सर्दी झाली की ती घाबरेल. "तुझी सर्दी वेगळी, ती चार दिवसांत जाते," हेही सांगून टाक.

वडीलधाऱ्यांबद्दल "मेले" म्हणायला आपली जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. पण "वारले" हा शब्द तिने कधी ऐकलेला नाही, आणि मेलेलं झुरळ मात्र तिने पाहिलेलं आहे. "झुरळासारखं?" असं तिने विचारलं तर दटावू नकोस. "हो, झुरळही परत हलत नाही ना, तसं," एवढं म्हण. ती आबांचा अपमान करत नसते, माहीत असलेल्या गोष्टीला नवी गोष्ट लावून बघत असते.

वहिनी तिला "आबा देवाघरी गेले" म्हणतात. त्यांच्याशी यावरून वाद घालू नकोस, त्यांचा सगळा आधार आता त्या वाक्यावर आहे. फक्त क्रम सांभाळ. आधी शरीराचं सांगायचं, मग देवाचं: "आजीला वाटतं, आबा आता देवाजवळ आहेत." नुसतं "देवाघरी गेले" एवढंच ऐकलं तर लहान मूल ते सरळ पत्त्यासारखं घेतं. आमच्या बालवाडीत एका मुलाने मला विचारलं होतं, देवाघरी कुठली बस जाते. आणि देवाने बोलावून नेलं म्हटलं की त्या देवाची भीती वाटायला लागते, कारण तो कधीही कोणालाही बोलावू शकतो.

तू एकदा नीट सांगितलंस की काम झालं, असं मात्र समजू नकोस. दोन दिवसांनी ती विचारेल, "दिवाळीला आबा येतील ना?" हंगेरीतल्या मारिया नागी या बाईंनी बुडापेस्टच्या मुलांना मरणाबद्दल बोलतं केलं होतं. त्यांचा लेख १९४८ साली आला. पाचाच्या आतली मुलं मरण म्हणजे प्रवास किंवा झोप धरून चालतात, परत येण्यासारखं, हे त्यांना दिसलं. चिऊ आत्ता त्याच उंबरठ्यावर आहे. सकाळी तिला पटलेलं असतं, संध्याकाळी नसतं. अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली १९८२ मध्ये वारले. तेव्हा त्या लोकांनी दुसरा नट आणला नाही की ते गावाला गेले असंही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी एक भाग केला. त्यात तो मोठा पिवळा पक्षी, बिग बर्ड, हूपर परत आले की त्यांना चित्र देईन म्हणून बसतो, आणि मोठी माणसं त्याला समजावतात की ते परत येणार नाहीत. सांगताना त्या नटांचे स्वतःचे डोळे भरलेले दिसतात.

तुलाही तेच करायचं आहे, दर वेळी त्याच शब्दांत. शब्द बदललेस की तिला वाटतं, उत्तरही बदललं असेल. तुला दर वेळी हे नव्याने लागणार, हे मला कळतं. एखाद्या वेळी अगदीच बोलवेना तर "आत्ता मला जमत नाही, जेवण झाल्यावर सांगते" म्हण. मग जेवण झाल्यावर मात्र आपणहून सांग. ती विसरलेली दिसली तरी सांग.

अग्नीचं ती विचारणारच. तिच्या मामेभावाने तिला अंगणात "आबांना जाळलं" असं सांगितलं, ते मी ऐकलं आहे. उत्तर टाळलंस तर ती मनात जे चित्र रंगवेल ते खऱ्यापेक्षा भयंकर असेल. "आपल्याकडे माणूस मेल्यावर त्याच्या शरीराला अग्नी देतात. आबांना ते कळलं नाही, चटका बसला नाही, कारण मेलेल्या शरीराला काहीच जाणवत नाही." म्हणून तर आधी थंडी, भूक, दुखणं यांचं सांगून ठेवायला म्हटलं. तो पाया नसेल तर या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही.

आता एक गोष्ट, जी तिने तुला सांगितलेली नाही. आदल्या रात्री दादाने तिला टीव्ही बंद करायला सांगितला, तेव्हा ती रागाने "जा तुम्ही!" म्हणाली होती. वहिनींच्या बोलण्यातून मला समजलं. या वयात मुलांना आपल्या मनात आलेल्या गोष्टीने जगात काहीतरी घडतं असं वाटतं. आणि तिने "जा" म्हटलं, आबा गेले. ती आपणहून बोलेल याची वाट बघू नकोस. चित्र काढताना सहज विचार, "आबा कशामुळे वारले असं तुला वाटतं गं?" ती काहीही म्हणाली तरी पुरतं ऐकून घे. मग सांग, "रागाने बोललेल्या शब्दाने कोणाचं हृदय बंद पडत नाही. आबांचं हृदय आजारी होतं. तू रागावलीस तरी आबांना तू आवडायचीस." लगेच "छे, असं काही नसतं" म्हणून विषय मिटवलास तर शंका आत तशीच राहील.

आणि बाहुलीचं. चिऊने बाहुलीला आडवं करून वर पांढरा रुमाल घातला, नाकात कापूस घातला, तोंडात तुळशीचं पान ठेवलं आणि थोड्या वेळाने उठून पोळी-भाजीचा खेळ मांडला. घरातल्या बायका "अशुभ, अशुभ" करत धावल्या. तू ती बाहुली माळ्यावर टाकलीस म्हणे. ती खाली काढ. जे तिने पाहिलं ते ती हातांनी समजून घेते आहे. आणि दहा मिनिटांत हसायला लागली म्हणून तिला काही वाटलं नाही असा अर्थ काढू नकोस. मुलांचं दुःख असंच येतं, जातं, पुन्हा येतं. आपल्यासारखं सलग रडणं त्यांना पेलत नाही.

आता तुझं. तू न्हाणीघरात नळ सोडून रडतेस, आणि चिऊ दाराबाहेर उभी असते. पाण्याच्या आवाजात तुला ती ऐकू येत नाही, तिला मात्र तू ऐकू येतेस. तिच्यासमोर रडलीस तर तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते कारण न कळल्याने. म्हणून रडू आलं तर सांग: "मला आबांची आठवण येते म्हणून रडतेय. तू काही केलं नाहीस. थोडं रडून झालं की मी वरणभात लावणार आहे." त्यातलं शेवटचं वाक्य गाळू नकोस. आई कोसळली तरी जेवण मिळणार आहे, हे तिला ऐकायचं असतं.

पण धाय मोकलून रडण्यासाठी तिची मांडी नको. सगळे तिला "तू शहाणी ना, आईला सांभाळ" सांगून गेले आहेत. तिला स्पष्ट सांग, की आईला सांभाळायला बाबा आहेत, आत्याआजी आहे. रोज संध्याकाळी जावईबापूंनी तिला तासभर खाली खेळायला न्यावं, मी त्यांना बोलले आहे. तेवढ्या वेळात तू दादाच्या कपाटासमोर बस, आईजवळ बस, ओरडून रड, मला फोन लाव. स्वयंपाक आणि आवराआवर या तासात करायची नाही.

"तू पण मरणार?" हे येईल, बहुधा रात्री. "कधीच नाही" म्हणू नकोस. आबा गेलेले तिने पाहिलं आहे, तुझा शब्द तिला खोटा वाटेल. म्हण, "सगळे कधीतरी मरतात, बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर. मला वाटतं मी खूप वर्षं तुझ्याजवळ असेन. आणि तुझ्याजवळ बाबा, आजी, आत्याआजी, सगळेच आहोत."

काही आठवडे ती अंथरूण ओलं करील, अंगठा चोखील, तुझा पदर सोडणार नाही. हे चालायचंच, रागावू नकोस. पण महिने उलटले तरी खाणंखेळणं सुटलेलंच असेल, किंवा "मला आबांकडे जायचंय" हे ती पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. तुझंही तसंच, सकाळी उठून काही करावंसंच वाटत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टरांकडे जा, मी बरोबर येईन.

सोमवारी शाळा सुरू होण्याआधी तिच्या बाईंना भेट. काय झालं आणि घरी आपण कोणते शब्द वापरतो, हे दोन्ही सांग, म्हणजे तिथे कोणी "तारा झाले" असं सांगणार नाही. रविवारी सकाळच्या एसटीने मी येते. चिऊला मी बघते, तू दुपारभर झोप.

तुझी,
आत्या