चारचौघांत बायकोशी लाडिक बोलावं का?

बेत जळगावजवळच्या शेतावर भरिताचा. बायकोचा वाढदिवस, सोबत मोजके मित्र आणि त्यांच्या बायका. जेवणाआधी तिच्यासाठी दोन लाडिक वाक्यं बोलावीत की नाहीत, हे मी धुळ्याच्या ताईला विचारलं.

ताई: एकांतात म्हणतोस ते लोकांसमोर कशाला? ऐकणारे आले की ते बोलणं तिच्यासाठी उरत नाही, त्यांच्यासाठी होतं.

मी: मग उखाणा कुणासाठी होता? एरवी नवऱ्याचं नाव न उच्चारणारी बाई चारचौघांतच ते घेत होती. लाडिक बोलायची मुभा आपल्याकडे लोकांनीच दिली.

ताई: मुभा? दार अडवून उभे राहायचे. नाव घेतल्याशिवाय नव्या नवरीला आत सोडत नसत. ती लाजतेय म्हणून सगळे हसायचे, ती घाबरलीय हे कोण बघत होतं?

मी: खरंय. पण उखाण्याची बांधणी बघ. आधी देवाचं, फुलाचं, ताटातल्या पदार्थाचं काहीतरी, मग यमक साधून नाव, आणि संपलं. लोकांना यमक मिळतं, संसारातलं गुपित बाईकडेच राहतं. मीही तसंच बोलणार. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, बडगीत ठेचून झाली, की पानं वाढायच्या आधी म्हणेन: "आज एक वांगं माझ्या हातून करपलं, कारण तू समोर केस बांधत उभी होतीस. इतकी वर्षं झाली, तू समोर असलीस की माझं लक्ष अजून जाळावर राहत नाही." मित्रांकडे बघून 'ही अशी, ही तशी' म्हणणार नाही. तिच्याकडे बघून 'तू' म्हणेन.

ताई: करपलं हे ठेव. हसू तुझ्यावर येतं, तिच्यावर नाही. केस मात्र काढ.

मी: गोडवा तर त्यातच आहे!

ताई: तू बोललास की सगळे तिच्या केसांकडे बघतील. 'तू समोर उभी होतीस' एवढंच म्हण. उरलेलं तिला माहीत आहे.

मी: मान्य. म्हणजे आता बोलायला हरकत नाही?

ताई: आहे. तू बोलून मोकळा होशील. मग सगळ्या नजरा तिच्यावर. हसावं, लाजावं की उत्तर द्यावं? आणि कुणी म्हणालंच, "वहिनी, आता तुम्ही नाव घ्या", तर?

मी: लगेच भाकरी पुढे करेन. विषय जेवणाकडे वळेल.

ताई: वळेलही. पण तोवरचा क्षण तिला एकटीलाच काढावा लागेल. ती ताटात बघायला लागली तर समज, चुकलं. तेव्हा शब्द मागे घेता येत नाहीत.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. म्हणून दुपारीच तिला विचारायचं ठरवलं: "रात्री सगळ्यांसमोर दोन वाक्यं बोलू का?" वाक्यं सांगायची नाहीत, फक्त विचारायचं. ती नको म्हणाली, तर मित्रांसमोर नुसत्या शुभेच्छा द्यायच्या.